पावडर भरली तरी कार्ट्रिज रिकामीच: चोर कोण?

राजू_वसमत: एचपी लेझर प्रिंटरची ११०ए कार्ट्रिज काल रिफिल करून आणली, ३०० रुपये दिले. प्रिंटर म्हणतो टोनर संपला, एक पान छापत नाही. म्हणजे पावडर भरलीच नाही. हे रिफिलवाले सगळे चोर आहेत, नवीनच घ्या.

टोनर_काका: सगळे चोर? माझं घर याच धंद्यावर चालतं म्हणून लिहितोय. आधी ती कार्ट्रिज दोन्ही हातात आडवी धरा आणि हळू डावीउजवीकडे हलवा, आत पावडर सरकते ते हाताला लगेच कळतं. तुमचा प्रिंटर आत डोकावून बघतच नाही हो. कार्ट्रिजच्या बाजूला खाचेत नखाएवढी चिप असते, मशीन पानं छापत जाते तसा खर्च त्या चिपवर लिहीत जाते. १५०० पानांचा हिशोब धरलेला असतो, तोही पानाचा ५ टक्केच भाग छापला जातो असं धरून. हिशोब संपला की चिपवर 'संपली' अशी नोंद पडते आणि ती परत पुसता येत नाही. मग तुम्ही गळ्यापर्यंत पावडर भरा, चिप जुनीच असेल तर मशीन तेच वाचणार. या कार्ट्रिजला प्रत्येक रिफिलला नवी चिप लागते. तुमच्या माणसाने ती बदलली नाही एवढाच विषय आहे.

ठाणेकर_८८: चिपबिप काही लागत नाही, गिऱ्हाईकाला घाबरवायचे धंदे आहेत. आमच्या ऑफिसात ८८ए आहे, 'व्हेरी लो' येतं, ओके दाबायचं आणि छापत राहायचं. कित्येक महिने चाललंय.

टोनर_काका: तुमचं ८८एपुरतं बरोबर आहे. ते मशीन नुसतं सांगतं, अडवत नाही. १२ए ला तर चिपच नसते. पण ११०ए चं मशीन अडवतं, तिथे ओके दाबायला बटणच येत नाही. एका मशीनचा अनुभव सगळ्यांना लावू नका.

सुनंदा_क्लास: आमच्याकडे ब्रदरचा आहे, टीएन-२३६५. त्यात चिप नाही, बाजूचं झाकण काढून छोटा गिअर मूळ जागी फिरवून ठेवायचा, आत टाकली की मशीनला वाटतं नवीन आली. राजू, तुम्ही पण गिअर बघा ना.

टोनर_काका: ताई, ११०ए ला तो गिअर नाही. त्यांना उगाच उघडायला लावू नका.

मधुरा_झेरॉक्स: काका, चिपचं पटलं, पण चोर नाहीत हे नाही पटत. आमच्याकडे येणारा माणूस सोल्डरिंगने भोक पाडतो, पावडर ओततो, वर टेप. दोन मिनिटांत काम. मागच्या खान्यातली जुनी पावडर काढतच नाही. तिसऱ्या रिफिलला पानाच्या कडेला काळे ठिपके, मग आडवे डाग, शेवटी मशीनच्या आत सगळी पावडर सांडलेली. परीक्षेचे फॉर्म छापायचे होते त्या दिवशी.

भोकवाला_नगर: २०० रुपयांत पूर्ण खोलून पाहिजे का? पिना काढा, ड्रम काढा, वायपर ब्लेड पुसा, अर्धा तास जातो. गिऱ्हाईक शेजारच्यापेक्षा १० रुपये जास्त द्यायला तयार नाही आणि वर आम्हालाच शिव्या.

मधुरा_झेरॉक्स: मग ३०० सांगा ना! आधी विचारलंच नाही आणि नुकसान आमचं. काहीजण तर ती खान्यातली वेस्ट पावडरच परत पुढे भरतात, कागदाच्या धुळीसकट.

टोनर_काका: ते करणाऱ्यांना मीही पाठीशी घालत नाही. ड्रमवर उरलेली पावडर ब्लेड खरवडून मागे टाकते, तो खाना रिकामा केला नाही तर भरून सांडणारच. पण प्रत्येक डाग वेस्टचा नसतो. १२ए, ८८ए मध्ये तोच डाग दर साडेसात सेंटिमीटरवर येत असेल तर ड्रमला ओरखडा आहे, तिथे साफ करून उपयोग नाही, ड्रमच बदला. आणि हातावर सांडलेली पावडर गरम पाण्याने धुवू नका, चिकटून बसते.

ठाणेकर_८८: बरं बाबा, ११०ए ला चिप लागते, मान्य. पण पावडर मी भरायची आणि 'संपली' कंपनीने ठरवायचं, हे बरोबर आहे का? आपल्या पैशाची वस्तू आहे.

कागद_मशीन: कंपनी मशीन स्वस्तात देते आणि पैसे कार्ट्रिजमधून काढते, हे माहीत असूनच घेतलंत ना? मग रडू नका.

ठाणेकर_८८: खोक्यावर कुठे लिहिलं होतं? दाखवा.

राजू_वसमत: चिप आणून बसवली, छापलं. काका बरोबर निघाले. पण चिपचे पैसे वेगळे लागतील हे रिफिलवाल्याने आधी का नाही सांगितलं? त्याच्याबद्दलचं मत मी बदलत नाही. आणि आज सकाळी प्रिंटरने वायफायवरून अपडेट घेतलं, आता नवी चिपच ओळखत नाही म्हणतोय.

टोनर_काका: अपडेट आधी बंद करायला हवं होतं. आता चिपवाल्याकडे नव्या व्हर्जनची चिप मागा, जुनी बदलून देतो का विचारा. लागू पडेलच याची खात्री मी देत नाही, काही चालतात, काही नाही. मॉडेल १०८ आहे की १३६, ते सांगा.

कागद_मशीन: हेच म्हणत होतो.

ठाणेकर_८८: तुम्ही यातलं एक अक्षरही म्हणत नव्हता.