मदत हवी आहे: केदारेश्वर गुहेच्या लेखाला कव्हर फोटो कुठला लावू?

रानवाटा: हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेवर लेख लिहिलाय, पाण्यातलं शिवलिंग आणि चारपैकी शाबूत राहिलेला एकच खांब यावर सगळा भर आहे. तीन फोटो काढून ठेवलेत. कोकणकड्याचा, तो सगळ्यात भारी आलाय. देवळाच्या शिखराचा, पण तो उभा आहे. आणि गुहेचा, ज्यात पिंड आणि खांब उजवीकडे आणि डावीकडे नुसता अंधार, म्हणजे शीर्षकाला मस्त जागा. लॅपटॉपवर गुहेचा छान दिसतो पण फोनवर डावी बाजू गायब होते आणि खांबही अर्धा कापला जातो, काय करू?

कडेकपारी: कोकणकडाच लावा ओ, लोक त्यावरच क्लिक करतात.

पिक्सेलवाला: क्लिक करतील, पण आत गुहा बघून परत जातील. गुहेचाच ठेवा. १२०० बाय ६३० ला क्रॉप करा आणि शीर्षक फोटोवरच लिहून टाका, विषय संपला.

जास्वंद: क्रॉपचं माप बरोबर आहे पण शीर्षक फोटोत नको. हिशोब बघा, फोनची रुंदी ३६० आणि कव्हरची उंची ३०० धरली तर १२०० पैकी ७५६ पिक्सेलच दिसतात, दोन्ही बाजूंनी २२२ जातात. म्हणून डावीकडची रिकामी जागा फोनवर उरतच नाही, आणि फोटोत लिहिलेली अक्षरं तर मधेच तुटतात. शीर्षक वेगळा मजकूर म्हणून ठेवा, मोठ्या स्क्रीनवर अंधारावर आणि फोनवर फोटोच्या खाली. खांबासाठी फोटो सरकवा:

```css
.cover img {
  width: 100%;
  height: 300px;
  object-fit: cover;
  object-position: 70% 50%;
}
```

आता डावीकडून ३११ आणि उजवीकडून १३३ जातील. खांब अगदी कडेला असेल तर ७० चं ८५ करून बघा. ब्राउझरची खिडकी बारीक करत गेलात की कुठे कापतंय ते लगेच कळतं.

सुगरण_नाशिक: माझा मोदकांचा फोटो उभा आहे, त्यालाही हेच चालेल का?

जास्वंद: उभ्याला वरखाली कापलं जातं, त्यामुळे दुसरा आकडा बदला. वरचा भाग हवा असेल तर 50% 20% असं काहीतरी. पण आडव्या पट्टीत उभ्या फोटोतलं फारच थोडं उरतं, रानवाटांचं शिखर मी त्याचसाठी बाद केलं असतं.

रानवाटा: जास्वंदताई, ८० वर पिंड आणि खांब दोन्ही आले! पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली तर चौकोनात खांब परत अर्धाच.

जास्वंद: तिथे तुमचं सीएसएस पोचत नाही, तिथे फाइलच जाते. og:image साठी वेगळा क्रॉप करा, पिंड आणि खांब मधल्या ६३० पिक्सेलमध्ये बसवून.

पिक्सेलवाला: दोन फाइली कशाला, तोच मधे घेतलेला क्रॉप वरही लावा की.

रानवाटा: मग लॅपटॉपवर शीर्षक थेट पिंडीवर येतं, ते मला नकोय. दोन्ही करून बघते आज रात्री.