अनुभव धागा : लपवलेल्या ओळी पेस्टबरोबर आल्या तेव्हा

धागाकर्ती, गृहनिर्माण संस्थेची खजिनदार, ठाणे

एक्सेलमधून मोजक्या ओळी उचलायला गेलो आणि वगळायच्या ओळीही सोबत आल्या, असे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत घडले असेल. आपापला अनुभव कृपया तपशिलाने लिहावा. सुरुवात मी करते.

आमच्या ८४ सदनिकांपैकी ९ जणांची देखभाल-वर्गणी थकली होती. आधीच्या खजिनदारांकडून आलेल्या यादीत तेवढीच नावे दिसत होती आणि शीर्षकांवर फिल्टरचे बाण होते, म्हणून यादी फिल्टर केलेली आहे असे मी धरून चालले. नावे व सदनिका क्रमांक निवडून नव्या पानावर पेस्ट केले, वरच्या ओळी बरोबर दिसल्या आणि त्या पानावरून मेल मर्जने पत्रे छापली. शिपायाने ८४ पाकिटे वाटली. बारा वर्षे एकही हप्ता न चुकवलेले एक वृद्ध गृहस्थ स्मरणपत्र हातात घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. फिल्टर असूनही हे का झाले, हे मला अजून समजलेले नाही.

लेखापाल, कोल्हापूर

ताई, आपल्या यादीवर बहुधा फिल्टर लागलेलाच नव्हता. बाण दिसणे आणि अट लागलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अट लागली की डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे होतात आणि ज्या स्तंभावर अट आहे त्याच्या बाणाजागी गाळणीचे चिन्ह येते. क्रमांक काळेच असतील आणि ५ नंतर एकदम १४ येत असेल, तर मधल्या ओळी कोणीतरी उजवी क्लिक करून Hide केल्या आहेत किंवा गट करून मिटल्या आहेत. फिल्टरने गाळलेल्या ओळी साध्या कॉपीत येत नाहीत, पण अशा हाताने लपवलेल्या ओळी येतात.

म्हणून दुसऱ्याकडून आलेल्या फायलीत मी निवड केल्यावर आधी `Alt+;` दाबतो, म्हणजे फक्त दिसणारे चौकोन निवडले जातात, आणि मग `Ctrl+C`. त्यानंतर निवडीभोवती फिरणारी तुटक रेघ पाहावी. ती प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी फिरत असेल तर लपलेले मागे राहिले. सगळ्याला मिळून एकच चौकट असेल आणि मधले क्रमांक गायब असतील, तर ते सोबत निघाले आहेत.

संगणक शिकवणी चालक, नाशिक

मी विद्यार्थ्यांना एकच नियम सांगतो : Hide वापरू नका, फिल्टर लावा, मग लपलेली ओळ कधीच येणार नाही.

लेखापाल, कोल्हापूर

सर, हाताने केलेल्या कॉपीपुरते हे खरे आहे, परंतु “कधीच” म्हणता येणार नाही. आमच्याकडच्या एका मॅक्रोमध्ये एका पट्ट्याचे `.Value` दुसऱ्या पट्ट्याला दिले होते आणि फिल्टर लागलेला असूनही सगळ्या ओळी गेल्या, कारण तिथे कॉपी होतच नाही, थेट किमती उचलल्या जातात. ती ओळ आम्ही अशी बदलली :

```
Sheets("Yadi").Range("A2:B85") _
  .SpecialCells(xlCellTypeVisible).Copy _
  Sheets("Patra").Range("A2")
```

शिक्षिका, लातूर

माझ्याकडेही असेच झाले. एकत्र यादीत ‘ब’ तुकडीचा फिल्टर लावून ३० गुण पेस्ट केले, तर ते लपलेल्या ‘अ’ आणि ‘क’ तुकडीच्या मुलांसमोर जाऊन बसले आणि त्यांचे आधीचे गुण पुसले गेले. `Alt+;` दाबून पाहिले, पण उपयोग झाला नाही.

लेखापाल, कोल्हापूर

मॅडम, आपला प्रश्न उलट दिशेचा आहे. इथे लपलेल्या ओळी उचलल्या गेल्या नाहीत, तर पेस्ट त्यांच्यावर झाली. फिल्टर काढून यादी तुकडीप्रमाणे लावून घ्यावी, म्हणजे ‘ब’ची मुले सलग येतील. त्यांचा क्रम गुणांच्या यादीशी जुळत नसेल, तर हजेरी क्रमांकावरून `VLOOKUP` ने गुण आणावेत.

विधी सल्लागार, पुणे

आमच्या क्षेत्रात २००८ चे लेहमन ब्रदर्सचे प्रकरण परिचित आहे. बार्कलेजने घ्यावयाच्या करारांच्या एक्सेल यादीत नको असलेले १७९ करार पुसण्याऐवजी लपवलेले होते. न्यायालयात देण्यासाठी तिचे पीडीएफ करताना त्या ओळी उघड झाल्या आणि ते करारही घ्यावयाच्या यादीत गणले गेले. तेव्हापासून बाहेर पाठवण्याच्या फायलीत लपवलेली ओळ ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

धागाकर्ती

आत्ताच जुनी फाइल उघडली. क्रमांक काळेच आहेत, आणि शेवटचा क्रमांक ८५ आहे. ८४ घरी दिलगिरीचे पत्र द्यायचे की फक्त चुकीची पत्रे गेलेल्या ७५ घरी, यावर समितीत अजून एकमत नाही. एक शंका मात्र आहे : माझा कळफलक मराठीवर असताना `Alt+;` चालले नाही, इंग्रजीवर केल्यावर चालले. सध्या मी `F5`, मग Special आणि तिथून Visible cells only असा लांबचा मार्ग घेते. इतरांनाही असे होते का?