टर्म की एंडोमेंट? घरच्यांच्या हातात नक्की किती पडतं?

निखिल:
माझं वय ३०, सिगारेट-तंबाखू नाही. पत्नी, एक वर्षाची मुलगी, आणि घराचं ३२ लाखांचं कर्ज बाकी. विम्यासाठी वर्षाला ५०,००० काढू शकतो. एजंट २० वर्षांची, १० लाखांची एंडोमेंट घ्या म्हणतात, म्हणजे मुदत संपल्यावर जिवंत असलो तरी पैसे देणारी पॉलिसी. मित्र म्हणतो टर्म घे, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, आणि उरलेले पीपीएफमध्ये टाक. मी लवकर गेलो, उशिरा गेलो, किंवा मध्येच हप्ते थांबले, तर घरच्यांना प्रत्यक्षात किती मिळतील?

विश्वास:
मी विमा कंपनीत क्लेमचं काम बरीच वर्षं केलं. माझं मत आधीच सांगून टाकतो: अंगावर कर्ज आणि घरात लहान मूल असताना १० लाखांची एंडोमेंट हा विमाच नव्हे.

समजा चौथ्या वर्षाच्या अखेरीस मृत्यू झाला. चारही हप्ते भरलेले आहेत. एंडोमेंटमध्ये १० लाख मिळतील आणि तोवर जमलेला बोनस. बोनस हजारी ४५ धरू, म्हणजे वर्षाला ४५,००० आणि चार वर्षांचे १ लाख ८० हजार. एकूण ११ लाख ८० हजार. हा बोनस मूळ विमा रकमेवर मोजतात, आधीच्या बोनसवर पुन्हा बोनस लागत नाही. आणि पुढच्या वर्षी किती जाहीर होईल याची हमी कोणी देत नाही.

दुसरीकडे, एक कोटीची ३० वर्षांची टर्म साधारण १२,००० ला बसते असं धरू. उरलेले ३८,००० दरवर्षी पीपीएफमध्ये. त्याच दिवशी घरच्यांना एक कोटी मिळतात, वर पीपीएफचे १ लाख ८० हजारांच्या आसपास.

आता कर्जाकडे बघा. ३२ लाखांतले चार वर्षांत फार फार तर तीनेक लाख मुद्दल फिटलं असेल. पहिल्या घरात ११ लाख ८० हजार येतात आणि १७ लाखांहून जास्त कर्ज मागे राहतं, म्हणजे घर विकायची वेळ. दुसऱ्या घरात सगळं कर्ज फेडूनही ७० लाखांच्या वर उरतात.

हेमंत:
टर्ममध्ये काही झालं नाही तर दमडी मिळत नाही. तीस वर्षं भरून शून्य. एंडोमेंटमध्ये जगलात तरी पैसे, गेलात तरी पैसे. आणि तीन वर्षं झाली की कंपनी क्लेम नाकारूच शकत नाही, असा कायदाच आहे. तेव्हा एंडोमेंटचे पैसे बुडायची भीती नाही.

विश्वास:
हेमंत, विमा कायद्याचं कलम ४५ टर्म आणि एंडोमेंट दोघांनाही सारखंच लागू आहे. चुकीच्या किंवा लपवलेल्या माहितीच्या कारणावरून तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, इतकं बरोबर. पण हप्ता न भरल्याने पॉलिसी बंद पडली, म्हणजे लॅप्स झाली, आणि पुन्हा चालू करून घेतली, तर ती तीन वर्षं नव्याने मोजली जातात. हे लोकांना माहीतच नसतं. नव्याने चालू करताना तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात मधल्या काळात सुरू झालेल्या बीपीच्या गोळ्या लिहायच्या राहिल्या आणि वर्षभरात मृत्यू झाला, की फाइल चौकशीला जाते.

राजश्री:
मी एजंट आहे, आणि दोन्ही पॉलिसी विकते. विश्वासजींचा पहिला हिशेब बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्यांनी निखिलच्या तीन प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर दिलंय.

निखिल वीस वर्षांनी सुखरूप आहे असं धरा. एंडोमेंटचे १० लाख आणि वीस वर्षांचा बोनस ९ लाख, असे १९ लाख. पंधरा वर्षांच्या पुढे चाललेल्या पॉलिसीला बहुतेकदा अंतिम अतिरिक्त बोनसही मिळतो, तो मी धरतच नाही. आता त्यांचे ३८,००० वीस वर्षं पीपीएफमध्ये, दर ७.१ टक्के कायम राहिला असं समजून करून बघा. १६ लाख ९० हजारांच्या आसपास येतात. म्हणजे जिवंत राहिल्यावर एंडोमेंट दोन लाखांनी पुढे. 'टर्म घेऊन उरलेले गुंतवा, जास्त मिळतील' हे सगळीकडे ठोकून सांगतात, पण पीपीएफ धरलं तर या आकड्यांत ते खरं ठरत नाही.

आणि हप्ते थांबले तर? पाच हप्ते भरले, सहावा राहिला, सातव्या वर्षाच्या अखेरीस मृत्यू झाला. टर्मचे शून्य. एंडोमेंट मात्र पेड-अप होते. वीसपैकी पाच हप्ते भरले म्हणून १० लाखांचा चौथा हिस्सा, अडीच लाख. पाच वर्षांचा जमलेला बोनस २ लाख २५ हजार. पावणेपाच लाख घरच्यांच्या हातात. तुमच्या टर्मवाल्याकडे पीपीएफचे पावणेतीन लाखसुद्धा पुरते नसतील. हप्ते अर्ध्यावर सोडणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं.

दत्ता:
माझ्या मते ८०सी साठी दोन्ही सारखेच आहेत. मी दरवर्षी मार्चमध्ये घेतो. हप्ते परत देणारी टर्मसुद्धा मिळते, ती का नाही सुचवत कोणी?

राजश्री:
दत्ता, निखिलने कर वाचवण्याबद्दल विचारलेलं नाही. नव्या कर पद्धतीत ८०सी ची वजावटच नाही. हप्ते परत देणारी टर्म साध्या टर्मपेक्षा बरीच महाग असते, आणि वर्षानुवर्षांनी भरलेला आकडा परत येतो, त्यावर व्याज नाही.

विश्वास:
राजश्रीताई, वीस वर्षांनंतरचा तुमचा हिशेब मी करून पाहिला, बरोबर आहे. एंडोमेंटचा परतावा वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास निघतो. ५० लाखांची टर्म ७,००० ला मिळाली आणि ४३,००० पीपीएफमध्ये गेले, तर वीस वर्षांनी तिकडेही १९ लाखच जमतात. म्हणजे निखिल जगला तर बरोबरी, आणि गेला तर पाचपट संरक्षण. कर्जामुळे मी त्याला एक कोटीच घे म्हणेन. तीसाव्या वर्षी सुरू केलेली ती टर्म साठीपर्यंत चालते, तुमची एंडोमेंट पन्नाशीला संपते, हेही त्या दोन लाखांच्या फरकात धरायला हवं.

हप्ते थांबण्याचं मात्र मला पटत नाही. नोकरी गेलेला माणूस ५०,००० भरू शकत नाही, पण १२,००० ची सोय होऊ शकते. आणि ती पीपीएफमधूनच होते. पाच वर्षं ३८,००० भरलेल्या खात्यातून सहाव्या वर्षी कर्ज मिळतं, चौथ्या वर्षअखेरच्या शिलकीच्या पाव हिस्सा, म्हणजे ४५,००० च्या आसपास. सातव्या वर्षापासून काही रक्कम काढताही येते. तिसऱ्या वर्षअखेरच्या शिलकीचा निम्मा हिस्सा धरला तर ६५,००० च्या घरात. त्यातून टर्मचे पाच हप्ते निघतात. अट एकच: खात्यात दरवर्षी निदान ५०० रुपये भरत राहायचे. नाहीतर खातं बंद पडतं आणि दंडासकट चालू करेपर्यंत ना कर्ज, ना पैसे काढणं. मग तुमच्या त्याच उदाहरणात सातव्या वर्षी घरच्यांना एक कोटी मिळतात.

राजश्री:
कागदावर मान्य. पण ज्याच्या घरात पगार थांबलाय तो पीपीएफचं कर्ज काढून विम्याचा हप्ता भरेल? घरखर्चाला काढेल. 'टर्मचं काही परत मिळत नाही' हेच डोक्यात असतं, म्हणून पहिला हप्ता त्याचाच थांबतो. एंडोमेंट अडकून राहते आणि म्हणूनच घरच्यांसाठी काहीतरी शिल्लक राहतं.

विश्वास:
अडकून राहत नाही हो, सरेंडर करतात, म्हणजे मुदतीआधीच पॉलिसी मोडून पैसे घेतात! पूर्वी दोन-तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काहीच हाती येत नसे. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत तर एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून ते वर्ष संपलं की सरेंडरचे पैसे मिळतात. गरज पडलेला माणूस तेच करतो, आणि सरेंडर झाल्यावर घरच्यांना पेड-अपचेही मिळत नाहीत. जो सरेंडर करत नाही तो पॉलिसीवर कर्ज काढतो. मग क्लेममधून कर्ज आणि त्याचं व्याज आधी वजा होतं, उरलेलं नॉमिनीला. पावणेपाच लाखांचे दोन लाख झालेली प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली आहेत.

अश्विनी:
मी आकड्यांतली नाही, पण हप्ते राहण्याबद्दल सांगू शकते. माझे मिस्टर गेले तेव्हा टर्मचा वर्षाचा हप्ता भरायचा राहिला होता. देय तारखेनंतर २१ दिवस झाले होते. ज्यांनी पॉलिसी दिली त्यांनी फोनवर सांगितलं, 'हप्ता चुकला, आता काही मिळणार नाही.' मी दीड महिना कागदपत्रं बाहेरच काढली नाहीत. मग दिराने पॉलिसी वाचली. वर्षाच्या हप्त्याला ३० दिवसांची सवलत होती. आम्ही क्लेम केला आणि न भरलेला हप्ता कापून पूर्ण रक्कम आली. निखिल, तुमच्या बायकोला पॉलिसी कुठे ठेवली आहे ते सांगा, आणि हे पान दाखवून ठेवा.

विश्वास:
अश्विनीताई, तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. निखिल, यातली एक गोष्ट नीट लक्षात घे. ३० दिवसांची मुदत वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला असते. महिन्याच्या हप्त्याला फक्त १५ दिवस. ताईंच्या मिस्टरांनी तीच पॉलिसी महिन्याच्या हप्त्यावर घेतली असती, तर २१ व्या दिवशी ती लॅप्स झालेली असती आणि खरंच एक रुपयाही मिळाला नसता. म्हणून टर्म घेतलीस तर वार्षिक हप्ता घे आणि बँकेतून आपोआप कापला जाईल अशी सोय कर.

निखिल:
सगळ्यांचे आभार. एक कोटीची टर्म वार्षिक हप्त्यावर घेतोय. पण राजश्रीताईंचं म्हणणं डोक्यातून जात नाही. माझी नोकरी कंत्राटी आहे, मध्ये खंड पडतो. एखादी छोटी एंडोमेंट सोबत ठेवावी का?

राजश्री:
कंत्राटी नोकरी हे आधी सांगायला हवं होतं! मी तर ठेव म्हणेन, पण दोन-अडीच लाखांचीच.

विश्वास:
मी नाही म्हणेन. अडीच लाखांच्या एंडोमेंटला वर्षाला साडेबारा हजार जातील. तेवढ्यात टर्मचा पुढच्या वर्षीचा हप्ता निघतो. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेव आणि नोकरीत खंड पडला की तिथूनच भर.

राजश्री:
आणि त्या खात्याला तो हात लावणार नाही, असं तुम्ही धरूनच चालता. तिथेच आपलं जमत नाही.