मदत हवी आहे: खोली अजून गरम, तरी एसीचा कॉम्प्रेसर बंद का पडतो?

नाशिककर_७: दीड टनाचा स्प्लिट एसी, इन्व्हर्टर नाही. २४ वर लावला की पाच-सात मिनिटांतच बाहेरचं युनिट थांबतं, आतला पंखा तेवढा चालू राहतो. पलंगाजवळच्या तापमापकावर मात्र २८. रिमोटवर २४ दिसतं, म्हणजे खोली २४ झाली असंच एसी समजतो ना? थर्मोस्टॅट गेला का?

बाबू_वाघोली: गॅस कमी झाला असेल, भरून घ्या.

तारवाला: गॅस कमी असता तर उलट झालं असतं. २४ गाठता येत नाही म्हणून कॉम्प्रेसर बहुधा थांबलाच नसता. आणि रिमोटवरचं २४ हे तुम्ही मागितलेलं तापमान, खोलीचं नव्हे. खोलीचं मोजतो तो आतल्या युनिटमधला छोटा सेन्सर. जाळीमागे, हवा आत ओढली जाते तिथे असतो. तिथली हवा साधारण २३ झाली की कॉम्प्रेसर बंद, २५च्या आसपास गेली की चालू. हे अंतर मुद्दाम ठेवतात, नाहीतर तो सारखा चालू-बंद होत राहील. बंद झाल्यावर साधारण तीन मिनिटं तो परत सुरूही होत नाही. तुमच्या युनिटसमोर काही आडवं आलंय का?

नाशिककर_७: हो, नवीन लॉफ्ट केलाय, युनिटपासून जेमतेम फूटभर पुढे.

तारवाला: मग तेच असणार. थंड हवा लॉफ्टवर आपटून वर वळते आणि लगेच परत आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं काम झालं, पलंगापर्यंत गारवा पोचतच नाही. तोच तापमापक युनिटच्या वरच्या जाळीपाशी दोऱ्याने टांगा. कॉम्प्रेसर थांबताना तिथे २३-२४ आणि पलंगाशी २८ आले, तर सेन्सर बरोबर आहे, हवेची वाट चुकतेय.

मिनल_शिकागो: आमच्याकडे हिवाळ्यात याच्या उलट. भिंतीवरचा थर्मोस्टॅट दिवाणखान्यात, दुपारी त्यावर ऊन येतं. तो ७० फॅरेनहाइट धरून भट्टी बंद करतो आणि मागच्या बेडरूममध्ये आम्ही कुडकुडतो.

सुहास_के: सोपा उपाय, १८ वर लावा, लवकर थंड होईल.

तारवाला: या एसीत नाही. कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, १८ वर फक्त उशिरा थांबेल. इन्व्हर्टरमध्ये फरक मोठा असला की वेग वाढतो, तिथे तुमचं थोडंफार खरं आहे.

नाशिककर_७: टांगून पाहिलं. थांबताना जाळीपाशी २५, पलंगाशी २८. तुम्ही म्हणता ते २३ काही आलं नाही.

तारवाला: मग दोन्ही शक्य आहे. आधी हवा फेकणाऱ्या पट्ट्या खाली वळवून, पंखा जोरात ठेवून परत मोजा. तरीही २५लाच थांबला, तर मेकॅनिकला सेन्सर काढून मीटरवर तपासायला सांगा. लॉफ्ट तोडायची घाई नको.

नाशिककर_७: मिस्त्री म्हणतो युनिटच दुसऱ्या भिंतीवर घ्या. त्याचा खर्च कुणी केलाय का?