घरमालक म्हणाले, ‘सोयीने रिकामं करा’. तुमचा अनुभव सांगा

पाथर्डीफाटा_भाडेकरू: काकांचा काल व्हॉट्सअ‍ॅप आला. मुलाची नाशिकला बदली झालीय, सून-नातवासाठी फ्लॅट लागेल. ‘ताईची परीक्षा होऊ द्या, घाई नाही, तुमच्या सोयीने बघा.’ करार 31 मार्चला संपतोय, परीक्षा एप्रिलमध्ये. भाडं 14 हजार, डिपॉझिट 50 हजार. असा निरोप कुणाला आलाय? पुढे काय झालं?

गंगापूररोडकर: आम्हालाही अगदी असाच. आम्ही ‘सोयीने’ म्हणजे जून धरलं, त्यांनी अक्षय्य तृतीया. शेवटी त्यांचं सामान टेम्पोत आणि आमचं अजून माळ्यावर!

जुनी_सिडको: घाबरू नका हो. तीन महिन्यांची नोटीस कायद्यानेच लागते. शिवाय घरच्यांना खरंच गरज आहे, हे मालकाला कोर्टात सिद्ध करावं लागतं.

करारनामेवाली: दादा, ती गरज सिद्ध करण्याची भानगड जुन्या भाडेकरूंना. लीव्ह अँड लायसन्सला नाही. मुदत संपण्याआधी घर परत हवं असेल तर करारात लिहिलेली नोटीस, बहुधा महिन्याची. मुदत संपल्यावर मात्र ताबा द्यायचाच. नाही दिला तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं.

काका मागणारही नाहीत. पण 1 एप्रिलपासून तुमच्या हातात कागद काय? आजच उत्तर पाठवा: ‘काका, 10 मेला चावी देतो. तोपर्यंत भाडं तेच, डिपॉझिट त्याच दिवशी.’ त्यांचा होकार आला की तेवढ्याच मुदतीचा करार नोंदवून घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची असते, खर्च मात्र बोलून वाटून घ्या.

गंगापूररोडकर: पण काकांचा मेसेज हीच परवानगी नाही का? दीड महिन्यासाठी कशाला करार?

करारनामेवाली: पुरावा म्हणून दाखवता येईल. पण त्यात तारीखच नाही, मग वाद तिथेच सुरू होतो.

पंचवटी_वाडा: आमच्या वाड्यात आजोबांपासून पागडीवर आहोत. मालकाचा नातू म्हणतो, लग्न ठरलंय, दोन खोल्या द्या. आम्हालाही हेच लागू?

करारनामेवाली: तुमचं प्रकरण पूर्ण वेगळं. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही लिहून देऊ नका.

इंदिरानगर_मालकीण: मालकांची बाजूही ऐका. माणसं चांगली असली की तारीख सांगायला जीभ रेटत नाही. मीही ‘बघा, सोयीने’ म्हटलं होतं. ते निवांत राहिले आणि सासूबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिसरा मजला चढावा लागला. आता आधी तारीख लिहिते, मग गोड बोलते.

जेलरोड: आमची तारीख ठरलेली होती, तरी डिपॉझिट अडलं. ‘नवे भाडेकरू आले की देतो.’ अहो, स्वतःच राहायला येणार होते ना! चावी देताना खोल्यांचे आणि वीजमीटरच्या रीडिंगचे फोटो काढले होते, म्हणून रंगाचे पैसे कापता आले नाहीत.

पाथर्डीफाटा_भाडेकरू: काकांना 10 मे कळवलं. म्हणाले, ‘अहो, लिहायचं कशाला, आपण घरचेच.’ आता हे कसं समजावू?