दीडपट आयक्यूआरच्या बाहेर गेलेलं रीडिंग: खूण करून ठेवायचं की सरळ उडवायचं?

ऋतुजा (पिंपळगाव बसवंत)
आमच्या गटातल्या द्राक्षबागांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. दर 15 मिनिटांनी रीडिंग येतं, मी त्यातून रोजचं किमान तापमान काढून शीटमध्ये ठेवते. एका केंद्राच्या बारा रात्री अशा आहेत:

11.2, 10.8, 11.5, 12.0, 10.4, 11.1, 9.1, 11.7, 10.9, 11.3, 4.1, 10.6

गटाच्या सल्लागारांचं म्हणणं, पहिल्या क्वार्टाइलच्या खाली आणि तिसऱ्याच्या वर दीडपट आयक्यूआर सोडून बाहेर जे जाईल ते आपोआप डिलीट होईल असं लावून टाक. रीडिंग लहानापासून मोठ्याकडे मांडली की पाव हिस्सा संपतो तिथे पहिलं क्वार्टाइल, पाऊण हिस्सा संपतो तिथे तिसरं, आणि दोघांतलं अंतर म्हणजे आयक्यूआर. मी शीटमध्ये काढलं तर 4.1 आणि 9.1 दोन्ही बाहेर जातात. लॅपटॉपवर वेगळ्या प्रोग्राममध्ये काढलं तर फक्त 4.1. कोणतं खरं? आणि डिलीट करावं का?

सिन्नरचा संदीप
ताई, मुळात ही पद्धतच घेऊ नका. सरासरी काढा, स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, तीनपटीच्या बाहेर गेलं की चूक. कारखान्यात आम्ही पार्टचे साइज असेच तपासतो, इतकी वर्षं चाललंय. दीडपट हा आकडा कुठून आला हेही कोणाला धड सांगता येत नाही. आणि बाहेर गेलेलं रीडिंग ठेवून करायचंय काय? खराब माल खराबच.

मोजमाप (गंगापूर रोड)
संदीप, तुझीच पद्धत या बारा आकड्यांवर लावून बघ. सरासरी येते 10.39, स्टँडर्ड डेव्हिएशन 2.12 च्या आसपास. तीनपट खाली गेलं की रेषा 4.05 वर पडते. म्हणजे 4.1 तुझ्या परीक्षेत पास! 4.1 नं स्वतःच डेव्हिएशन इतकं फुगवलं की रेषा त्याच्याही खाली सरकली. आता 4.1 च्या जागी 10.2 घाल आणि पुन्हा काढ. रेषा 8.58 वर येते. एका रीडिंगनं साडेचार अंशांचा फरक पाडला.

क्वार्टाइलवरून काढलेली दीडपटीची हद्द, म्हणजे कुंपण, मात्र दोन्ही वेळा जिथल्या तिथे राहतं, कारण 4.1 असो की 10.2, लहानापासून मोठ्याकडे मांडलं तर ते आकडे खालच्या टोकालाच बसतात आणि क्वार्टाइल मधल्या आकड्यांवर ठरतं. यासाठीच तर ते वापरायचं.

थोड्या रीडिंगवर तीनपटीचा नियम आणखी एका कारणानं पांगळा आहे. दहा रीडिंग असतील तर त्यातलं एखादं कितीही वेडंवाकडं असलं तरी सरासरीपासून 2.85 पटीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. गणितच तसं आहे. कारखान्यात तुझ्याकडे प्रक्रिया स्थिर असतानाच्या जुन्या नोंदींवरून मर्यादा आधीच ठरलेली असते, म्हणून तिथे चालतं. इथे ज्या रीडिंगची परीक्षा घ्यायची तेच परीक्षक होऊन बसलंय.

ऋतुजाताई, तुमच्या दोन उत्तरांचं कारण क्वार्टाइल काढायच्या रीतीत आहे. शीटमध्ये हे दोन्ही सूत्रं टाकून बघा:

```
=QUARTILE.INC(B2:B13,1)
=QUARTILE.EXC(B2:B13,1)
```

पहिलं 10.55 देतं, दुसरं 10.45. तिसरं क्वार्टाइल पहिल्या रीतीनं 11.35, दुसऱ्या रीतीनं 11.45. म्हणजे आयक्यूआर एकदा 0.8, एकदा 1.0. खालचं कुंपण एकदा 9.35 वर, एकदा 8.95 वर. तुमचं 9.1 नेमकं या दोघांच्या मध्ये अडकलंय. दोन्ही रीती मान्य आहेत, कोणतीही एक घ्या पण सगळ्या केंद्रांना तीच ठेवा आणि शीटच्या वर लिहून ठेवा. रीडिंग शेकड्यांनी असतील तर हा फरक जाणवतही नाही, बारांवर जाणवतो. आणि बाहेर गेलेल्या रीडिंगवर खूण करा, डिलीट नको.

सिन्नरचा संदीप
मान्य, बारांवर माझं गणित गंडतं. पण दीडच का, याचं उत्तर अजून आलं नाही. आणि डिलीट करू नये याचंही.

मोजमाप (गंगापूर रोड)
दीड हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकींनी ठरवलेला सोयीचा आकडा आहे, निसर्गनियम नाही. रीडिंग घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरलेली असतील तर या कुंपणाबाहेर साधारण 0.7 टक्के रीडिंग पडतात, कुठेही काही बिघडलेलं नसताना. हजारात सात. तुझ्या तीन डेव्हिएशनच्या जागी तो 2.7 पडतो, इतकंच. त्याच टुकींनी तीनपटीचं दुसरं, लांबचं कुंपणही दिलंय. ऋतुजाताईंच्या आकड्यांवर पहिल्या रीतीनं ते 8.15 ला येतं: 4.1 त्याच्याही बाहेर, 9.1 आत. मला दोन कुंपणं ठेवायला आवडतं.

आता 0.7 टक्क्यांचा अर्थ डिलीटच्या संदर्भात बघ. समजा 15 मिनिटांच्या सगळ्या रीडिंगवर हे लावलं. दिवसाला 96, महिन्याला 2880. सेन्सर अगदी निरोगी असला तरी वीसेक रीडिंग बाहेर दिसणारच. ती आपोआप उडाली तर तू खऱ्या थंडीचे आणि खऱ्या उन्हाचे टोकाचे क्षण वेचून वेचून फेकतोयस.

बागाईतदार, दिंडोरी
आमच्याकडं याच भानगडीत पावसाचं वाटोळं झालं. पोरानं शीटमध्ये असंच काहीतरी लावलं. ऑक्टोबरात महिनाभर कोरडं, मग छाटणीनंतर चार दिवस पाऊस. चारही दिवस लाल! मशीन म्हणतंय पाऊस खोटा, आणि इकडं बागेत डाऊनीची फवारणी करून करून कंबर मोडली. त्यापेक्षा वहीत लिहिलेलं बरं. कुठल्या कंपनीचा सेन्सर चांगला ते सांगा राव, बाकी राहू द्या.

मोजमाप (गंगापूर रोड)
काका, सेन्सर बदलून हे सुटणार नाही. महिन्यातले सव्वीस दिवस शून्य असतील तर पहिलं क्वार्टाइल शून्य, तिसरंही शून्य, आयक्यूआर शून्य. शून्याची दीडपट शून्यच. मग अर्धा मिलिमीटर पडला तरी लाल. पावसाला हे कुंपण असं थेट लावतच नाहीत. निदान कोरडे दिवस बाजूला काढून फक्त पावसाच्या दिवसांची तुलना करावी, आणि तीही एकाच ठिकाणच्या. इगतपुरी आणि सिन्नर एका यादीत घातलं तर इगतपुरीचा आषाढ कायम संशयित.

प्राची (कॉलेज रोड)
मला थोडा विरोध करायचाय. सर "खूण करा, डिलीट नको" म्हणतात, पण खूण केलेल्या ओळीकडे पुढे बघतं कोण? मी एका संस्थेत डेटाचं काम केलंय. खुणेचा कॉलम भरत जातो, अहवाल काढणारा त्यासकट सरासरी काढतो आणि 4.1 मुकाट्यानं आत राहतं. त्यापेक्षा निदान अहवालात तरी आपोआप वगळलेलं बरं. माणूस बघेल या भरवशावर यंत्रणा उभी करू नये.

ऋतुजा (पिंपळगाव बसवंत)
माझी भीती उलटी आहे. निफाडला पारा घसरला की पहिला फोन आम्हालाच येतो. मण्यांची फुगवण थांबते, काही बागांत पिंक बेरी दिसते, लोक पहाटे पाणी सोडतात, बागेत धूर करतात. नेमकी ती रात्र "चूक" म्हणून उडाली तर केंद्र बसवलंच कशाला? प्राचीताई म्हणतात तेही खरं, अख्ख्या गटात शीट उघडणारी मी एकटीच.

मोजमाप (गंगापूर रोड)
मग रोजच्या किमानवर कुंपण लावून थांबू नका, एक पायरी मागे जा. किमान म्हणजे 96 रीडिंगमधलं सगळ्यात लहान. एक जरी चुकीचं खाली गेलं तरी ते नेमकं निवडलं जातं आणि अख्ख्या रात्रीच्या नावावर बसतं. 4.1 आणि 9.1 च्या रात्रींची 15 मिनिटांची रीडिंग इथे टाका.

ऋतुजा (पिंपळगाव बसवंत)
4.1 ची रात्र: 2 वाजता 10.9, सव्वादोनला 10.7, अडीचला 4.1, पावणेतीनला 10.6. नंतर हळूहळू उतरत सकाळी साडेसहाला 10.2.
9.1 ची रात्र: रात्री अकराला 13.0, एकला 11.6, तीनला 10.5, पाचला 9.6, साडेसहाला 9.1, आठला 11.8.

मोजमाप (गंगापूर रोड)
झालं की. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता सोडत राहते आणि पारा सूर्योदयापर्यंत उतरत जातो, ऊन पडलं की चढतो. 9.1 ची रात्र तंतोतंत तशी आहे. ती खरी, तिला हात लावू नका. अडीच वाजता साडेसहा अंश खाली आणि पंधरा मिनिटांत परत वर, हे हवेचं काम नाही. तारेचा जोड ढिला असेल, बॅटरी बसली असेल, काहीही. त्या रात्रीचं किमान 10.2.

म्हणून कच्च्या रीडिंगवर शेजारच्या दोन रीडिंगशी फरक बघायची तपासणी आधी लावा, किमान नंतर काढा. आणि कुंपण लावताना रात्रीची तुलना रात्रीशीच करा. दिवस-रात्र एका यादीत घातलं तर पहिलं क्वार्टाइल 14 आणि तिसरं 26 येईल, आयक्यूआर 12, खालचं कुंपण उणे 4. मग भर दुपारी सेन्सरनं 3 अंश दाखवले तरी कोणी हटकणार नाही.

सिन्नरचा संदीप
शेजारच्या रीडिंगशी फरक, हे पटलं. पण थंडीची लाट चार-पाच रात्री टिकली तर? बारांतल्या चार रात्री 5 च्या आसपास असतील तर तुमचं पहिलं क्वार्टाइलच खाली येणार. कुंपण इतकं रुंद होईल की खरं बिघडलेलं रीडिंगही आत बसेल.

मोजमाप (गंगापूर रोड)
बरोबर. चौथा हिस्सा बिघडला की हे कुंपण कामातून जातं, ही त्याची मर्यादाच. शिवाय डिसेंबरात पारा मुळातच खाली सरकत असतो. माझा कल गेल्या काही वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी तुलना करण्याकडे आहे, पण ऋतुजाताईंची केंद्रं नवी दिसतात.

ऋतुजा (पिंपळगाव बसवंत)
हो, पहिलाच हंगाम. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे जुने आकडे घेऊन चालतील का? आमची बाग त्यांच्यापेक्षा सखल आहे, नाल्याकाठची.

मोजमाप (गंगापूर रोड)
सखल भागात थंड हवा साचते, तुमची रात्र त्यांच्याहून एक-दोन अंशांनी खाली असू शकते. त्यांचे आकडे तसेच कुंपण म्हणून नका लावू. दोन्हीकडच्या त्याच रात्रीच्या किमानांतला फरक काढा आणि त्या फरकांच्या यादीवर दीडपटीचं कुंपण लावा. लाट आली तर दोन्हीकडे पारा उतरेल, फरक फारसा हलणार नाही. तुमचाच सेन्सर बिघडला तर फरक उडी मारेल.

प्राची (कॉलेज रोड)
फरकाची कल्पना आवडली. पण लाटेच्या रात्री वारा पूर्ण पडला तर सखल बाग नेहमीपेक्षा जास्तच गारठणार, म्हणजे फरकही वाढणार आणि खूण पडणार. आणि खुणेकडे बघणार कोण, हे अजून तिथेच आहे. मी म्हणते लांबच्या कुंपणाबाहेरचं अहवालातून आपोआप वगळा, कच्चं रीडिंग ठेवा, आणि वगळलेल्यांची संख्या अहवालाच्या पहिल्या ओळीत छापा.

ऋतुजा (पिंपळगाव बसवंत)
शेजारच्या रीडिंगची तपासणी आज रात्रीपासून लावते. आपोआप वगळायचं का, ते सल्लागारांशी बोलून ठरवेन. त्यांना अजून डिलीटच हवंय.

बागाईतदार, दिंडोरी
आणि पावसाच्या सेन्सरचं?