युनिफॉर्म शिवून घ्यायचा की रेडिमेड? (बी विंगच्या ग्रुपवरची चर्चा)

अनिकेत, ४०३: मंडळी, एक विचारायचं होतं. मुलगा बारा वर्षांचा, उंची भराभर वाढतेय, अंगानं किडकिडीत. कंबर २५ इंच, पँटची लांबी बूट घालून ३५. चार शर्ट आणि तीन पँटी हव्यात. शाळेनं रंग ठरवून दिलाय, दुकान नाही. शिवून घेऊ की रेडिमेड?

मंगलकाकू, १०२: शर्ट आणि पँट एका पारड्यात टाकू नकोस रे. शर्ट रेडिमेड घे, डोळे झाकून. पँट मात्र या मापाच्या मुलाला शिवूनच.

श्रुती, ५०१: काकूंशी सहमत, कारण सांगते. मी कपड्यांच्या क्वालिटी चेकिंगमध्ये आहे. रेडिमेडचे साइज ठरवताना असं धरलेलं असतं की लांबी वाढली की कंबरही वाढते. झपाट्यानं उंच होणाऱ्या मुलाचं नेमकं उलटं असतं, आधी पाय लांब होतात आणि कंबर वर्षभर तिथंच राहते. त्यामुळे २६ कंबरेची पँट घेतली तर लांबी ३३ च्या आसपास मिळेल आणि ३५ लांबीची घेतली तर कंबर २८-२९. कंपनीगणिक आकडे बदलतील, पण गोम तीच.

अनिकेत, ४०३: मग २९ ची घेऊन कंबर आत घातली तर?

मंगलकाकू, १०२: दोन इंचांपर्यंत चालतं. त्यापुढे नाही. कंबर आत घेतात ती मागच्या मधल्या शिलाईतून. चार इंच तिथून काढले की बाजूचे खिसे मागे सरकतात, मागच्या खिशांची तोंडं एकमेकांना भिडतात आणि बैठकीची खोली मात्र मोठ्या मापाचीच राहते. पोरगं चालताना मांड्यांमध्ये कापड लोंबतं. तिथंच घासून आधी विरतं आणि मग फाटतं.

श्रुती, ५०१: म्हणजे फरक दोन इंचांत बसत असेल तर लांब साइजची रेडिमेड घेऊन खाली दुमडायची, कंबर थोडी आत घ्यायची. शिवलेल्या पँटचं बरंचसं काम होतं. अनिकेतदादा, तुमच्याकडे फरक चार इंचांचा आहे, म्हणून ही युक्ती बाद.

देशपांडे काका, २०१: शिवून घेतली तरी पोरगं वाढायचं थांबणार आहे का? सहा महिन्यांत तीही आखूडच.

मंगलकाकू, १०२: काका, आखूड होते ती माया न ठेवलेली पँट. शिंप्याला "थोडी माया ठेवा" असं मोघम सांगितलं की तो दीड इंच ठेवतो. आकडा सांगायचा. खाली साडेतीन इंच दुमड. शेवटी पाऊण इंच आत लागतोच, म्हणजे सोडायला पावणेतीन इंच मिळतात. या वयात उंची जोरात वाढते तेव्हा वर्षाला तीन-चार इंच वाढते आणि त्यातली साधारण निम्मी पायांत जाते. म्हणजे पँटला वर्षाला दीड ते दोन इंच लागतात. हिशोब करा, सव्वा ते दीड वर्ष आरामात निघतं. रेडिमेडला खाली जेमतेम सव्वा इंच दुमड असते, त्यातून अर्धा-पाऊण इंच सुटला तर सुटला.

अनिकेत, ४०३: साडेतीन इंच दुमडल्यावर खाली जाड आणि विचित्र नाही दिसणार?

मंगलकाकू, १०२: बॉटम निमुळता असेल तर दिसेल, आणि त्याचं कारण कापणीत आहे. पाय खाली अरुंद होत जातो. दुमडलेला भाग वर चढला की त्याला वरच्या रुंद पायात बसावं लागतं. कापणारा सरळ निमुळतं कापत गेला तर दुमडीची कड अरुंद पडते, कापड आतून ओढलं जातं आणि बाहेर चुण्या दिसतात. म्हणून दुमडीच्या रेषेपासून खाली पुन्हा रुंद कापायचं, आरशात पाहिल्यासारखं. चांगल्या शिंप्याला हे माहीत असतं, घाईच्या दिवसांत विसरतो. तुम्ही आठवण करा. आणि दुमड मशीनच्या टिपेनं नको, हातशिलाईनंच हवी. मशीनच्या टिपेची भोकं उसवल्यावर गडद कापडावर रांगेनं दिसतात.

श्रुती, ५०१: कंबरेचं पण सांगा काकू. तिथंच सगळे फसतात.

मंगलकाकू, १०२: हो. मागची मधली शिलाई वर कंबरेपाशी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच मायेची, खाली उतरताना कमी होत बैठकीच्या वळणावर अर्धा इंच. यातून प्रत्येक बाजूला एक इंच सोडता येतो, म्हणजे कंबर दोन इंच वाढते. पण बेल्ट अखंड पट्टीचा लावला तर ही माया असून नसल्यासारखी. बेल्ट दोन तुकड्यांत कापून मागे मधोमध जोडायचा, आतली माया तिथंही तेवढीच. पँट घरी आली की उलटी करून आधी हेच बघा. मागे बेल्टला उभी शिलाई नसेल तर परत द्या.

अनिकेत, ४०३: कापड किती घेऊ?

मंगलकाकू, १०२: लांबी ३५, त्यात अर्धा इंच वाढीव, दुमड साडेतीन, वर शिलाईला साधारण दोन. झाले ४१ इंच, म्हणजे मीटरच्या वर चारेक सेंटिमीटर. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात या अंगाच्या मुलाचे दोन्ही पाय एका लांबीत बसतात, म्हणून एका पँटला सव्वा मीटरला थोडं कमी घेतलं तरी पुरतं. ३६ पन्हा असेल तर जवळजवळ दुप्पट लागेल. तिन्ही पँटींचं कापड एकाच ताग्यातून घे, पण शिवायला आत्ता दोनच टाक. तिसरीचं कापड घडी घालून ठेव आणि चार-पाच महिन्यांनी नव्या मापानं शिव. पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा हमखास बदलते, म्हणून कापड आत्ताच घ्यायचं.

श्रुती, ५०१: आणि कापण्याआधी भिजवा! सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटू शकतं. ३५ इंचांवर तीन टक्के म्हणजे एक इंच. सहा-सात महिन्यांच्या वाढीची माया एका धुण्यात गेली. टेरीकॉट कमी आटतं, तरी रात्रभर पाण्यात ठेवून, न पिळता वाळवून मगच द्या. तिसऱ्या पँटचं कापडही आत्ताच भिजवून ठेवा, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

देशपांडे काका, २०१: हे सगळं ठीक. पण पैशांचं काय? रेडिमेड पँट १०० धरली तर कापड आणि शिलाई मिळून १६० जातात असं समजू.

श्रुती, ५०१: चालेल काका, तुमच्याच आकड्यांवर करू. रेडिमेड आठ महिन्यांनी आखूड झाली तर महिन्याला साडेबारा पडले. शिवलेली सोळा महिने चालली, मध्ये दोनदा दुमड सोडायला दहा-दहा दिले, तर १८० भागिले १६, म्हणजे सव्वाअकरा.

देशपांडे काका, २०१: म्हणजे फरक सव्वा. एवढ्यासाठी शिंप्याकडे खेटे?

श्रुती, ५०१: नुसत्या पैशांसाठी नाही, मापासाठी. आणि हा सव्वाही पँट सोळा महिने टिकली तरच. मुलगा मैदानावर गुडघ्यांवर घसरत असेल आणि दहा महिन्यांत गुडघा गेला तर १७० भागिले १०, महिन्याला १७. मग रेडिमेड स्वस्त. आत ठेवलेली माया फाटलेल्या पँटमध्ये फुकट जाते. म्हणून आधी मुलाची जुनी पँट बघा. ती आखूड झाली म्हणून टाकली की फाटली म्हणून? खरं उत्तर तिथं आहे.

अनिकेत, ४०३: जुनी आत्ता बघितली. गुडघे ठीक आहेत. बैठकीची शिलाई दोनदा उसवली होती.

मंगलकाकू, १०२: मग कापड चांगलं आहे, माप चुकलं होतं. तंग पँटमध्ये बसलं की सगळा ताण त्या एका शिलाईवर येतो. तिथं दुहेरी टीप सांग, पॉलिस्टर दोऱ्याची. खिशांच्या टोकांना आणि चेनच्या खाली पक्का टाका. मापं देताना मुलाला खुर्चीवर बसवून बैठक मोजायला लाव, नुसतं उभं करून नाही.

श्रुती, ५०१: रेडिमेडमध्ये हेच तपासायचं असेल तर बैठकीची शिलाई दोन्ही हातांनी आडवी ताणा. टाक्यांचे दोरे दातांसारखे दिसले आणि मध्ये फट पडली तर ती पँट टिकणार नाही. आत फक्त इंटरलॉक असेल आणि शेजारी सरळ टीप नसेल तर हातात सुद्धा घेऊ नका.

नेहा, ३०४: दुमड सोडल्यावर जुनी घडीची रेघ राहते, त्याचं काय करता?

मंगलकाकू, १०२: रेघ दोन प्रकारची गं. इस्त्रीनं बसलेली घडी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्यानं रेघेवर लावायचं, वर ओलं सुती कापड ठेवून इस्त्री. आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात लावून रंग बघायचा. पण बुटाला घासून कडेचा रंगच उडाला असेल तर ती रेघ कशानंच जात नाही. उपाय आधीचाच, खालच्या कडेवर कडक इस्त्री फिरवायची नाही आणि दुमड चार-पाच महिन्यांनी थोडी थोडी सोडायची. वर्षभर थांबून एकदम दोन इंच सोडले की घासलेला पट्टा पायावर मधोमध येतो.

नेहा, ३०४: आणि मुलींच्या स्कर्टला?

मंगलकाकू, १०२: स्कर्ट सोपा. खाली चार इंच दुमड, कंबरेला मागे इलॅस्टिक. प्लेट्सचा असेल तर मात्र दुमड सोडल्यावर प्लेट्स खालपर्यंत पुन्हा बसवाव्या लागतात, नाहीतर तळाला फुगा येतो.

अनिकेत, ४०३: शर्ट रेडिमेड का, ते राहिलं.

श्रुती, ५०१: कारण शर्टात माया ठेवून उपयोग नाही. शर्ट लहान होतो तो खांद्यात आणि मुंढ्यात, आणि ती जागा उसवून मोठी करता येत नाही. त्यामुळे शिंप्याची शिलाई वाया. एक साइज मोठा घ्या, हाफ बाह्यांचा असेल तर बाहीच्या लांबीचा प्रश्नच नाही. खांद्याची शिलाई हाडाच्या पाऊण इंच खाली उतरली तरी चालते. दीड इंच उतरली तर मुंढा लोंबतो आणि हात वर केला की सगळा शर्ट पँटमधून बाहेर येतो. दुकानातच हात वर करून बघा. मग दोन्ही हात पुढे घेऊन मिठी मारायला सांगा, छातीच्या बटणांत फट पडली तर साइज अजून लहान आहे.

अनिकेत, ४०३: चारही शर्ट एकदम घेऊ का?

श्रुती, ५०१: दोन आत्ता, दोन सहामाहीच्या सुट्टीत. पांढरा रंग असेल तर छटेची भीती नाही. आधी एकच घेऊन धुऊन बघा, धुण्याआधी आणि नंतर पाठीची लांबी टेपनं मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त आटला तर पुढचे दुसऱ्या कंपनीचे.

मंगलकाकू, १०२: आणि अनिकेत, मापं आत्ता नको देऊस. शाळा सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी दे. कापड मात्र आजच आण, भिजवून वाळायला दोन दिवस जातील. शिंप्याकडे नंबर आत्ताच लावून ठेव, शेवटच्या आठवड्यात तो ट्रायल घेत नाही.

अनिकेत, ४०३: काकू, दुमड साडेतीन, मागे दीड-दीड, बेल्ट दोन तुकडे, दुहेरी टीप, हातशिलाई. कागदावर लिहून देतो त्याला. पीटीची ट्रॅकपँट पण शिवायची का?

मंगलकाकू, १०२: छे! ती रेडिमेडच. होजियरीला साधी मशीन चालत नाही, पहिल्याच ताणाला टीप तुटते.